परदेशातल्या मंडळींना वेबिनारची वेळ कळवायची, तर ईमेल कसा लिहावा

गेल्या वर्षी १ नोव्हेंबर २०२५ रोजी, शनिवारी, आम्ही मोडी लिपीचा एक ओळखवर्ग ऑनलाइन घेतला. भारतातली वेळ संध्याकाळी ६:३०. ईमेल लिहायचं काम माझ्याकडे होतं. सप्टेंबरमध्ये असाच एक वर्ग झाला होता, तोही साडेसहालाच. त्या मेलमधला देशोदेशीच्या वेळांचा तक्ता मी उचलला, तारीख बदलली आणि पाठवून दिला. वर्ग सुरू व्हायच्या तासभर आधीच मेलबर्नच्या दोन बाई येऊन बसल्या. न्यू जर्सीची मंडळी अगदी वेळेवर आली. लंडनवाले मात्र वर्ग संपता संपता उगवले आणि वर मलाच विचारू लागले, "ताई, आज लवकर सुरू केलंत का?"

एकाच तक्त्यामुळे कोणी लवकर आलं, कोणी वेळेवर आलं, कोणी उशिरा आलं. सगळेच चुकले असते तर चूक लगेच लक्षात आली असती. पण न्यू जर्सीची ओळ बरोबर होती, म्हणून मला बराच वेळ वाटत राहिलं की लंडनच्या लोकांचीच काहीतरी गफलत झाली असणार.

घडलं होतं ते असं. आपलं घड्याळ वर्षभर जागचं हलत नाही. युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलियाचा काही भाग इथे मात्र उन्हाळ्यासाठी घड्याळ तासभर पुढे नेतात आणि नंतर मागे आणतात. हे सगळे एकाच दिवशी करत नाहीत. ब्रिटन आणि युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ मागे घेतात, अमेरिका आणि कॅनडाचा बहुतेक भाग नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. सिडनी-मेलबर्नला तेव्हा उन्हाळा येत असतो, म्हणून ते ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी उलट पुढे नेतात. माझा सप्टेंबरचा तक्ता सप्टेंबरपुरता बरोबर होता. १ नोव्हेंबरला लंडनचं घड्याळ बदलून झालं होतं, मेलबर्नचंही झालं होतं, न्यू जर्सीचं दुसऱ्या दिवशी बदलायचं होतं. लंडनला दुपारी १ला यायला हवं होतं, माझ्या तक्त्यात २ होते. मेलबर्नला मध्यरात्री वर्ग होता, तक्त्यात रात्रीचे ११.

मार्चमध्येही असाच घोळ होतो, फक्त उलट क्रमाने. अमेरिका दुसऱ्या रविवारी बदलते, युरोप शेवटच्या रविवारी. त्यामुळे मार्चमधले दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरअखेरचा एक आठवडा, या दिवसांतला मेल लिहिताना दुप्पट सावध राहायचं.

या वर्षीचा वर्ग आम्ही शनिवार, ३१ ऑक्टोबर २०२६ला ठरवतो आहोत. म्हणजे पुन्हा तोच अडनिडा आठवडा. तेव्हा याच वर्गाचं उदाहरण घेऊन मेल कसा बांधायचा ते पायरीपायरीने सांगते.

पायरी १ : आधी एक मूळ वेळ पक्की करा

तक्ता नंतर. आधी एकाच जागी, एकाच तारखेला, एकच वेळ. आमच्या बाबतीत पुणे, शनिवार, ३१ ऑक्टोबर २०२६, संध्याकाळी ६:३०. तिच्याशेजारी लगेच UTC वेळ लिहून ठेवा. UTC म्हणजे सगळ्या जगाने मान्य केलेली आधारवेळ. ती ऋतूप्रमाणे बदलत नाही. भारत तिच्या साडेपाच तास पुढे आहे, तेव्हा ६:३० म्हणजे १८:३०, त्यातून ५:३० वजा केले की १३:००. आता पुढची प्रत्येक वेळ या १३:०० वरून काढायची. पुण्यावरून लंडन, लंडनवरून न्यूयॉर्क अशी साखळी लावली की मधली एक कडी चुकली तर पुढचं सगळं चुकतं.

मूळ वेळ ठरली, तरी मेल लिहायला बसू नका. आधी ती वेळ सगळ्या शहरांत कशी पडते ते बघा. आम्ही बघितलं तर १३:०० UTC म्हणजे सिडनी-मेलबर्नला नेमके रात्रीचे बारा. यासारखी वाईट वेळ नाही. "शनिवारी रात्री १२" म्हणजे शुक्रवार संपतानाचे की शनिवार संपतानाचे, हे दहा जणांना विचारा, उत्तरं दोन येतील. शिवाय तिथे तारीख १ नोव्हेंबर होते. ती कोणी 1/11 अशी आकड्यांत लिहिली, की अमेरिकेत वाढलेला मुलगा ती ११ जानेवारी वाचतो.

म्हणून आम्ही वर्ग अर्धा तास अलीकडे ओढला. पुण्यात ६:००, UTC १२:३०. सिडनीला रात्री ११:३०, म्हणजे सगळ्यांचा सुरुवातीचा दिवस शनिवारच राहिला. कॅलिफोर्नियावाल्यांना पहाटे ५:३० वाजता उठावं लागणार, त्याला इलाज नाही. तीन खंडांना सोयीची एक वेळ नसतेच. कोणाची झोप मोडायची हे आयोजकाने ठरवायचं आणि त्यांना ध्वनिचित्रमुद्रण पाठवायचं.

पायरी २ : त्या दिवशीचा फरक काढा, आजचा नाही

नवखी माणसं इथेच फसतात. मेल लिहायचा १० ऑक्टोबरला, कार्यक्रम ३१ला. आपण फोनमधलं जागतिक घड्याळ उघडतो. त्यात दिसतं, लंडन साडेचार तास मागे. पण फोन आजचा फरक सांगतो आहे. २५ ऑक्टोबरला लंडनचं घड्याळ मागे गेलं की हाच फरक साडेपाच तासांचा होतो. ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांना हे पाठ असतं, "आता तुमचं घड्याळ बदललं का गं?" हा प्रश्न दर ऑक्टोबरला फोनवर होतोच. पण मेल लिहिताना तो स्वतःला विचारायचं राहून जातं.

तेव्हा असं साधन वापरा ज्यात कार्यक्रमाची तारीख टाकता येते. timeanddate.com वरचा टाइम झोन कन्व्हर्टर यासाठी चांगला आहे. तारीख ३१ ऑक्टोबर निवडायची, मूळ शहर पुणे किंवा मुंबई द्यायचं आणि एकेक शहर जोडत जायचं. संगणकावर लिनक्स असेल तर एका ओळीत काम होतं :

```
TZ=America/New_York date -d "2026-10-31 12:30 UTC"
TZ=Europe/London date -d "2026-10-31 12:30 UTC"
```

पहिलीचं उत्तर 08:30 येतं आणि शेजारी EDT दिसतं, म्हणजे न्यूयॉर्क अजून उन्हाळी वेळेवरच आहे. दुसरीचं 12:30 येतं, शेजारी GMT, म्हणजे लंडन हिवाळ्यावर आलं. दोन शहरं, दोन ऋतू, एकच दिवस. अशी उत्तरं आली की समजावं, आपण खरंच त्या तारखेचा हिशेब केला आहे.

वर्ग सहा महिने पुढचा असेल तर तक्ता आज करून ठेवा, पण कार्यक्रमाच्या आठवड्यात पुन्हा एकदा पडताळा. घड्याळ बदलायचं की नाही हा प्रत्येक देशाच्या सरकारचा निर्णय असतो. मेक्सिकोने २०२२मध्ये देशाच्या बहुतेक भागात ही पद्धत बंदच केली. असं झालं की जुना फोन, जुना संगणक काही काळ जुनीच वेळ सांगत राहतो.

पायरी ३ : शहराचं नाव लिहा, IST लिहू नका

हे आपल्याला जड जातं, कारण IST म्हणजे भारताची वेळ हे आपण गृहीतच धरलेलं असतं. पण आयर्लंडची उन्हाळी वेळही IST आणि इस्रायलची प्रमाणवेळही IST. इस्रायलमध्ये मराठी बोलणारी बेने इस्रायली मंडळी आहेत. त्यांच्यापैकी कोणी आमचा मेल वाचला आणि "IST 6:00 pm" असं दिसलं, तर तिथल्या संध्याकाळी सहा वाजता संगणक उघडून बसण्यात त्यांची काय चूक? भारतात तेव्हा साडेनऊ वाजलेले असतील.

EST त्याहून घातक. पुष्कळ जण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला बारा महिने EST म्हणतात. पण EST ही फक्त हिवाळ्यातली वेळ. ३१ ऑक्टोबरला तिथे EDT चालू असेल. तुम्ही "8:30 am EST" लिहिलंत आणि कोणी चोख माणसाने ते तसंच्या तसं कॅलेंडरमध्ये भरलं, तर त्याच्याकडे ९:३० लागतील. म्हणजे जो नीट वाचतो तोच चुकतो.

तेव्हा सरळ "न्यूयॉर्क, टोरंटो : सकाळी ८:३०" असं लिहा. वाचणाऱ्याला आपलं घड्याळ कोणत्या नावाने ओळखलं जातं हे ठाऊक नसतं, आपण कोणत्या शहरात राहतो हे नक्की ठाऊक असतं. देशाचं नाव मात्र पुरत नाही. "ऑस्ट्रेलिया : रात्री ११:३०" लिहिलं तर ब्रिस्बेनवाले फसतील, कारण क्वीन्सलँड घड्याळ बदलत नाही, त्यांच्याकडे १०:३० असतील. पर्थला तर ८:३०च. नावनोंदणीच्या अर्जात "देश" विचारत असाल तर त्याऐवजी "शहर" विचारा. तक्त्यात कोणत्या ओळी हव्यात ते आपोआप कळतं.

पायरी ४ : वेळ शब्दांत कशी लिहायची

मराठीत आपल्याकडे am-pmपेक्षा बरी सोय आहे : पहाटे, सकाळी, दुपारी, संध्याकाळी, रात्री. ती वापरा. "५:३०" या नुसत्या आकड्यावर कोणीही घसरेल, "पहाटे ५:३०" वर कोणी घसरत नाही.

पण याच भाषेत एक खाचही आहे. पंचांगात वार सूर्योदयापासून धरतात, आणि बोलतानाही आपण तसंच बोलतो. "शनिवारी रात्री दीडला पोचलो" म्हणजे कॅलेंडरच्या हिशेबाने रविवार उजाडलेला असतो. घरात बोलायला हे ठीक, मेलमध्ये नाही. कोणाकडे कार्यक्रम मध्यरात्रीनंतर पडत असेल तर वार आणि तारीख दोन्ही लिहा आणि वर एक वाक्य जोडा : "रविवार, १ नोव्हेंबर, मध्यरात्रीनंतर १:३० (म्हणजे शनिवारी झोपायच्या वेळेनंतर)". वाक्य बाळबोध वाटेल. वाटू द्या.

दीड, अडीच, पावणेसात हे शब्दही टाळा. तिकडे वाढलेल्या पिढीला ते येतीलच असं नाही, आणि मोडी शिकायला येणाऱ्यांत ती पिढीच जास्त असते. १:३०, २:३०, ६:४५ असे आकडे द्या. महिना मात्र नेहमी अक्षरांत.

पायरी ५ : प्रत्यक्ष मेल

मेल उघडल्यावर तो वाचणाऱ्याची वेळ आपोआप दाखवेल अशी आशा धरू नका. वेबपानावर ते जमतं, कारण तिथे छोटी स्क्रिप्ट चालते. मेल उघडणारी बहुतेक ॲप्स अशी स्क्रिप्ट काढून टाकतात. म्हणून मजकूर आपल्यालाच पूर्ण लिहायचा. आमचा असा झाला :

विषय : मोडी लिपी ओळखवर्ग, शनिवार, ३१ ऑक्टोबर २०२६ (पुण्यात संध्याकाळी ६:००)

नमस्कार,

वर्ग शनिवार, ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी आहे. कालावधी एक तास. खाली तुमच्या शहराची ओळ बघा. सगळीकडे सुरू होण्याचा वार शनिवारच आहे.

पुणे, मुंबई, पणजी : संध्याकाळी ६:००
दुबई, मॉरिशस : दुपारी ४:३०
तेल अवीव : दुपारी २:३०
बर्लिन : दुपारी १:३०
लंडन, डब्लिन : दुपारी १२:३०
न्यूयॉर्क, टोरंटो : सकाळी ८:३०
शिकागो, डॅलस : सकाळी ७:३०
सॅन फ्रान्सिस्को, सिएटल : पहाटे ५:३०
सिंगापूर, पर्थ : रात्री ८:३०
ब्रिस्बेन : रात्री १०:३०
सिडनी, मेलबर्न : रात्री ११:३०

जागतिक आधारवेळ (UTC) : १२:३०

लंडन आणि युरोपातल्या मंडळींसाठी : तुमचं घड्याळ २५ ऑक्टोबरला बदलतं आहे. वरची वेळ बदलानंतरची आहे, पुन्हा तास कमी-जास्त करू नका.

तुमचं शहर यादीत नसेल तर सोबतच्या दुव्यावर टिचकी मारा, तुमच्या घड्याळाची वेळ दिसेल. कॅलेंडरची फाइलही जोडली आहे.

लंडनवाल्यांसाठीचं ते वाक्य मी गेल्या वर्षीच्या अनुभवावरून घातलं. हुशार माणसाला घड्याळ बदलणार हे आठवतं आणि तो आपणच तास वजा करून मोकळा होतो. त्याला सांगावं लागतं की बाबा, हे केलेलं आहे.

तक्ता चित्र म्हणून चिकटवू नका. काही ठिकाणी मेलमधली चित्रं आपोआप उघडत नाहीत, मग वेळेच्या जागी रिकामी चौकट दिसते. रकान्यांची सारणीही फोनवर मोडते. साध्या ओळी बऱ्या. ओळी दहा-बाराच्या वर नेऊ नका, नाहीतर लोक शेजारची ओळ वाचतात. दुव्यासाठी timeanddate.com वर Event Time Announcer नावाचं पान आहे. त्यात तारीख, वेळ आणि मूळ शहर भरलं की दुवा तयार होतो.

पायरी ६ : कॅलेंडरची फाइल

मेल वाचून लोक विसरतात, कॅलेंडर विसरत नाही. म्हणून .ics फाइल जोडायची. गुगल कॅलेंडरमध्ये कार्यक्रम करून पाहुण्यांना आमंत्रण पाठवलं तरी चालतं. तेव्हा वेळेशेजारच्या Time zone वर टिचकी मारून भारताची वेळ निवडली आहे ना, एवढं बघा. प्रवासात असाल तर तिथे भलतंच काही असू शकतं. फाइल हाताने करायची तर नोटपॅडमध्ये एवढंच पुरतं :

```
BEGIN:VCALENDAR
VERSION:2.0
PRODID:-//modi-varg//webinar//MR
BEGIN:VEVENT
UID:modi-20261031@example.org
DTSTAMP:20261001T060000Z
DTSTART:20261031T123000Z
DTEND:20261031T133000Z
SUMMARY:मोडी लिपी ओळखवर्ग
END:VEVENT
END:VCALENDAR
```

`example.org` च्या जागी आपलं काहीतरी घाला आणि फाइल UTF-8 मध्ये जतन करा, नाहीतर देवनागरीचे चौकोन होतात.

यात जीव आहे तो आकड्यांच्या शेवटी असलेल्या `Z` मध्ये. त्याचा अर्थ, ही वेळ UTC आहे. तो गाळलात तर वेळ कुठल्याच देशाची राहत नाही. मग भारताची वेळ म्हणून `180000` लिहिलेलं पुण्यात संध्याकाळी सहा, लंडनला संध्याकाळी सहा, सिडनीलाही संध्याकाळी सहा असं दिसतं. दिवाळीच्या सुट्टीची नोंद करायला ते ठीक, वेबिनारला नाही. ही चूक पुण्यात बसून दिसत नाही, कारण आपल्या फोनवर वेळ बरोबरच दिसते.

ती पकडायची तर फोनच्या सेटिंगमध्ये आपोआप टाइम झोन घेण्याची सोय बंद करा, हाताने न्यूयॉर्क निवडा आणि स्वतःलाच पाठवलेल्या मेलमधली फाइल उघडा. ८:३० दिसले पाहिजेत. मग सिडनी निवडा, ११:३० आणि शनिवार. ६:०० दिसले तर `Z` राहिला आहे. तपासून झालं की फोन पूर्ववत करायला विसरू नका. मी विसरले होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळचा गजर झालाच नाही.

चूक निघाली तर, आणि आठवणीचा मेल

मेल गेल्यावर चूक सापडली तर सगळा तक्ता नव्याने पाठवून "कृपया हा तक्ता पाहावा" असं मोघम लिहू नका. विषयातच लिहा : "दुरुस्ती : फक्त लंडन आणि डब्लिनसाठी". आत आधीची वेळ आणि आताची वेळ, दोन्ही. बाकीच्यांना सांगा की तुमची ओळ बरोबर होती. कॅलेंडरची फाइल सुधारताना `UID` तोच ठेवा आणि `SEQUENCE:1` अशी ओळ घाला, म्हणजे जुन्या नोंदीच्या जागी नवी बसायची शक्यता वाढते. `UID` बदललात तर लोकांकडे दोन वर्ग दिसतात, एक खरा आणि एक खोटा.

आठवणीच्या मेलमध्ये "उद्या" आणि "आज संध्याकाळी" हे शब्द नकोत. तुमचं आज हे कॅलिफोर्नियाचं उद्या असू शकतं. वार आणि तारीख पुन्हा लिहा आणि तक्ताही पुन्हा द्या, जुना मेल शोधायला लावू नका. आम्ही हा मेल शनिवारी भारतात सकाळी ७ला जाईल असा लावून ठेवणार आहोत. कॅलिफोर्नियात तेव्हा शुक्रवारचे संध्याकाळचे ६:३० असतील, म्हणजे पहाटेचा गजर लावायला अख्खी संध्याकाळ हाताशी. सिडनीत शनिवारची दुपार असेल. लंडन झोपलेलं असेल, पण त्यांना उठल्यावर वाचायला सकाळ आहे. तासभर आधीचा दुसरा मेल फक्त पुण्यापासून लंडनपर्यंतच्यांना जाईल. तो सॅन फ्रान्सिस्कोला पहाटे ४:३०ला पोचतो, आणि ज्यांना ५:३०ला उठायचं आहे त्यांना तासभर आधी उठवून आपल्याला काय मिळणार?